ज्युनिअरचा मेसेज, सीनिअरची पंधरा मिनिटं

हा आपल्या भागाचा लिखित अवतार आहे. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांना मेसेजचा नमुना समोर ठेवून वाचायचाय, त्यांच्यासाठी.

आजचा विषय अगदी छोटा आहे: एक मेसेज. तुम्ही सोलापुरात नोकरी करताय, दोन-तीन वर्षं झालीत, आणि क्षेत्र बदलावं का, असा विचार डोक्यात घोळतोय. तुमच्याच कॉलेजातून बाहेर पडलेला एक माणूस त्या दुसऱ्या क्षेत्रात आहे. तुमची-त्याची ओळख नाही. त्याच्याकडे पंधरा मिनिटं मागायची आहेत. नोकरी मागायची नाहीये, फक्त ते काम आतून कसं असतं ते विचारायचंय. हा मेसेज कसा लिहायचा, की समोरच्याला ‘हो’ म्हणायला फार विचारच करावा लागू नये?

वशिला नव्हे, चौकशी

अशा बोलण्याला इंग्रजीत ‘इन्फर्मेशनल इंटरव्ह्यू’ म्हणतात. रिचर्ड बोल्स या अमेरिकन लेखकाने १९७० साली नोकरी शोधणाऱ्यांसाठी एक पुस्तक काढलं, ‘व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?’ ते पुढे कित्येक वर्षं नव्या आवृत्त्यांमध्ये येत राहिलं आणि त्यातून ही पद्धत जगभर पसरली. कल्पना साधी आहे. एखादं काम पत्करण्याआधी, ते काम रोज करणाऱ्या माणसाला जाऊन विचारा. इथे मुलाखत तो तुमची घेत नाही, तुम्ही त्याची घेता.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. सोलापूरचा माणूस परगावी भेटला की पहिला प्रश्न ‘सोलापुरात कुठं?’ आणि दुसरा ‘कुठल्या कॉलेजला?’ याला आपण ओळख काढणं म्हणतो. अडचण अशी आहे की आपल्याकडे ओळख काढली की पाठोपाठ बऱ्याचदा वशिला येतो. ‘तुमच्याकडे काही असेल तर बघा की.’ त्यामुळे चांगल्या कंपनीत असलेल्या कुठल्याही माजी विद्यार्थ्याला अनोळखी ज्युनिअरचा मेसेज आला की त्याच्या मनात आधी तेच येतं: आता हा नोकरी मागणार. आणि नोकरी देणं त्याच्या हातात नसतं. मग तो मेसेज उघडतो, वाचतो आणि तसाच ठेवून देतो. ‘नाही’ म्हणणं जिवावर येतं आणि ‘हो’ म्हणण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं.

तुमच्या मेसेजला सगळ्यात आधी हीच शंका ओलांडायची असते.

पण मग अनोळखी माणसालाच का विचारायचं? मामा, काका, बिल्डिंगमधला दादा आहेतच की. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचा गाभा असा: जवळच्या माणसांना साधारण तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं, कारण आपण सगळे एकाच वर्तुळात फिरत असतो. नवी माहिती येते ती दूरच्या, सैल ओळखींतून. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांचा, पाच वर्षांचा अभ्यास आला. त्यातही नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडल्या त्या मध्यम सैल ओळखी. अगदी घट्ट नव्हेत आणि अगदीच नावापुरत्याही नव्हेत. तुमच्या कॉलेजचा, दुसऱ्या क्षेत्रातला सीनिअर नेमका अशा जागी येऊ शकतो. धागा एकच, पण खरा.

मेसेज वाचणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. उदाहरण काल्पनिक आहे, पण परिस्थिती सोलापूरकरांना ओळखीची वाटेल.

समजा, एक मुलगी आहे. संगमेश्वर कॉलेजमधून बी.कॉम. झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात दोन वर्षं ऑर्डर प्लॅनिंग बघते. म्हणजे काय करते? बायरची ऑर्डर येते. साइझ काय, वजन किती जीएसएम, रंग कोणता, नग किती, माल कोणत्या तारखेला निघाला पाहिजे, हे सगळं त्यात असतं. मग ती त्या तारखेपासून उलटं मोजत येते. पॅकिंगला इतके दिवस, शिलाईला इतके, रंगाईला इतके, मागावर इतके, आणि सूत कधी यायला हवं. हे काम तिला जमतं. पण आपण आयुष्यभर टॉवेलच मोजणार का, हा प्रश्न तिला पडलाय.

तिला लिंक्डइनवर एक सीनिअर दिसतात. तेही संगमेश्वरचेच, तिच्या आधी दहा-बारा वर्षं. आता हैदराबादला एका औषध कंपनीत डिमांड प्लॅनिंग करतात. सीनिअर शोधायलाही अवघड नसतं. लिंक्डइनवर आपल्या कॉलेजचं पेज उघडा, तिथे `Alumni` नावाचा टॅब असतो. कुठे राहतात, कुठे काम करतात, काय काम करतात, यावरून तिथे चाळण लावता येते.

तिचा पहिला मसुदा असा असू शकतो:

> आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. मी आपल्याच कॉलेजची विद्यार्थिनी आहे. आपली प्रगती पाहून खूप अभिमान वाटला. आपण आम्हा सर्वांसाठी प्रेरणास्थान आहात. मी सध्या एका कंपनीत काम करत आहे परंतु मला करिअरमध्ये पुढे जायचे आहे. फार्मा क्षेत्रात खूप स्कोप आहे असे ऐकले आहे. कृपया मला आपले मोलाचे मार्गदर्शन मिळावे ही नम्र विनंती. आपल्या सोयीनुसार कधीही वेळ द्यावा. सोबत सीव्ही जोडला आहे. आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत.

नम्रतेत कुठे कमी नाही. व्याकरणही चोख. तरीही याला उत्तर देणं अवघड आहे. ते सर संध्याकाळी ऑफिसमधून घरी जाताना मोबाइलवर हे वाचतायत असं समजा. त्यांना चार गोष्टी कळायला हव्यात: ही कोण, मलाच का विचारतेय, नेमकं काय हवंय, आणि माझा किती वेळ जाणार. या मसुद्यात पहिल्याचं अर्धं उत्तर आहे. ‘एका कंपनीत’ म्हणजे कुठल्या आणि कसलं काम, ते नाही. दुसऱ्याचं उत्तर ‘प्रेरणास्थान’. पण हा मेसेज नाव बदलून शंभर जणांना पाठवता येईल, हे त्यांनाही दिसतं. ‘मार्गदर्शन’ म्हणजे दहा मिनिटांचं की दर रविवारी एक तास? सांगता येत नाही. आणि ‘कधीही वेळ द्या’ हे ऐकायला उदार वाटतं, पण त्यात सगळं काम त्यांच्यावर पडतं. कॅलेंडर त्यांनी उघडायचं, वेळ त्यांनी शोधायची, ती त्यांनी कळवायची.

शेवटी जोडलेला सीव्ही. तो बघितला की वर लिहिलेल्या सगळ्याचा अर्थच बदलतो. अच्छा, म्हणजे नोकरीच हवीय.

तोच मेसेज, नीट लिहिलेला

> नमस्कार सर,
>
> मी संगमेश्वर कॉलेजची, बी.कॉम. २०२२. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात दोन वर्षं ऑर्डर प्लॅनिंग बघते.
>
> तुम्ही संगमेश्वरनंतर औषध कंपनीत डिमांड प्लॅनिंगला गेलात, हे प्रोफाइलवर वाचलं. आमच्याकडे ऑर्डर आल्यावर प्लॅन सुरू होतो. तुमच्याकडे ऑर्डरच्या आधीच माल तयार लागतो. हा फरक रोजच्या कामात कसा दिसतो, ते तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. पुढच्या वर्षी क्षेत्र बदलावं का, हे ठरवायला त्याची मदत होईल.
>
> येत्या बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी ७ नंतर १५ मिनिटं फोनवर बोलता येईल का? सध्या जमत नसेल तर नुसतं ‘नंतर’ लिहिलंत तरी चालेल.

खाली नाव. बास. साधारण ८०-९० शब्द. मोबाइलच्या एका स्क्रीनवर बसतो, फार स्क्रोल करावं लागत नाही.

आता यातली एकेक जागा बघू.

पहिल्या ओळीत कॉलेज, वर्ष आणि काम. कॉलेज हा तुमच्यातला एकमेव धागा आहे, तो सगळ्यात आधी यायला हवा. काम नेमक्या शब्दांत आहे, ‘ऑर्डर प्लॅनिंग’. हे वाचल्यावर समोरच्याला कळतं की हिच्याशी कामाच्या भाषेत बोलता येईल, अगदी अ-आ-इ-ई पासून सांगावं लागणार नाही.

मग प्रश्न. ही मेसेजची खरी मेहनतीची जागा आहे. तिने ‘फार्मामध्ये स्कोप कसा आहे’ असं विचारलं नाही. तिने आपलं काम आणि त्यांचं काम शेजारी ठेवलं आणि फरकावर बोट ठेवलं. हा फरक खरा आहे. टॉवेलची ऑर्डर हातात असते, मग माल बनतो. औषधाचं उलटं. खोकला झालेला माणूस दुकानात येतो तेव्हा बाटली फळीवर असावीच लागते. म्हणजे पुढच्या काही महिन्यांत किती खपेल याचा अंदाज आधी बांधायचा. तो बांधताना औषध ठरावीक आकाराच्या बॅचमध्येच बनतं, तपासणी होऊन क्वालिटी विभागाने सोडल्याशिवाय गोदामातून हलत नाही, आणि त्यावर एक्स्पायरीची तारीख छापलेली असते. टॉवेल जास्त झाले तर पडून राहतील, आज ना उद्या विकले जातील. औषध जास्त झालं तर तारीख जवळ आल्यावर स्टॉकिस्ट ते घ्यायलाच तयार होत नाहीत. या सगळ्याशी ज्याचा रोज सामना होतो, त्याला असा प्रश्न आला की आत कुठेतरी उत्तर सुरू होतं. त्याला बोलावंसं वाटतं. आणि हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही, तो त्याच्यासाठीच लिहिलाय, हेही लगेच कळतं.

असा प्रश्न सुचायला किती वेळ लागतो? अर्धा तास धरा. त्या माणसाचं प्रोफाइल वाचायचं, त्याच्या हुद्द्याचं काम काय असतं ते दोन ठिकाणी वाचायचं आणि स्वतःला विचारायचं, ‘माझ्या कामात जे असं आहे, ते तिथे कसं असेल?’ तुमच्याकडे उत्तर नाही पण प्रश्न नेमका आहे, तीच मागायची योग्य वेळ. जे गूगलवर मिळतं ते विचारायचं नाही.

त्यानंतरचं वाक्य, ‘पुढच्या वर्षी क्षेत्र बदलावं का’. बरेच जण इथे ‘मला नोकरी नकोय’ असं ठासून लिहितात. खरं असेल तर हरकत नाही. पण तुम्ही त्याच कंपनीत परवाच अर्ज टाकलेला असेल तर असं लिहू नका. ते नंतर कळतं आणि मग तुमच्या पुढच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. अर्ज केला असेल तर हा मेसेजच वेगळा होतो, तसं सरळ लिहा. आपल्या उदाहरणातल्या मुलीने खरं तेच सांगितलंय: मी अजून ठरवतेय. ठरवणाऱ्या माणसाला माहिती देता येते. त्यासाठी समोरच्याला हातात काहीच असावं लागत नाही, फक्त अनुभव लागतो. तो त्याच्याकडे आहे.

आता वेळ. १५ मिनिटं, फोनवर, दोन पर्याय. तासभर मागितला तर सुट्टीचा दिवस शोधावा लागतो. १५ मिनिटं घरी जाताना गाडीतही देता येतात. दोन वार दिल्यामुळे ‘हो’ म्हणायला एकच शब्द पुरतो: ‘गुरुवार’. आणि ‘नंतर’ लिहिण्याची सोय ठेवल्यामुळे ‘नाही’ म्हणणंही सोपं झालं. हे उलटं वाटेल, पण ज्याला नकार देणं सोपं असतं, त्याला उत्तर देणंही सोपं जातं. ज्याला नकार देता येत नाही, तो गप्प बसतो.

वार निवडतानाही थोडं डोकं लावायचं. औषध, विमा, बँक, जिथे जिथे महिन्याचं टार्गेट असतं, तिथे महिन्याचा शेवटचा आठवडा गर्दीचा. सीएकडे काम करणाऱ्याला जुलै किंवा सप्टेंबरच्या शेवटी विचारू नका, रिटर्न आणि टॅक्स ऑडिटची धांदल असते. आणि सोलापूरची म्हणून एक खास गोष्ट: जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला बरेच जण गावी येतात. तेव्हा ‘आलायत तर भेटू या’ म्हणायचा मोह होतो. पण तो वेळ घरच्यांचा असतो. फोन मागा. भेट त्यांनी सुचवली तर आनंदाने जा. भेटायचं झालं तर ऑफिस किंवा हॉटेल अशी चार माणसांतली जागा ठरवा, विशेषतः मुलींनी.

कुठून पाठवायचा

कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा नंबर दिसतो, म्हणून थेट फोन लावायचा नाही. ग्रुपमध्ये नंबर असणं म्हणजे फोन करायची परवानगी नव्हे. व्हॉट्सअॅपवर लिहायचं असेल तर पहिल्या ओळीत नंबर कुठून मिळाला ते सांगा: ‘आपल्या माजी विद्यार्थी ग्रुपमधून नंबर घेतला.’ ऑडिओ मेसेज पहिल्यांदाच पाठवू नका. तो वाचता येत नाही, कान द्यावा लागतो, आणि मीटिंगमध्ये बसलेला माणूस तो उघडतच नाही.

लिंक्डइनवर एक अडचण आहे. अनोळखी माणसाला सरळ मोठा मेसेज जात नाही, आधी कनेक्शनची विनंती पाठवावी लागते. तिच्यासोबत चिठ्ठी जोडता येते, पण मोफत अकाउंटवर ती साधारण २०० अक्षरांचीच, आणि महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या पाठवता येतात. मराठीत काना, मात्रा, वेलांटी हेही वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं, त्यामुळे जागा पटकन संपते. तेव्हा चिठ्ठीत फक्त दार वाजवायचं:

> नमस्कार सर, मी संगमेश्वर बी.कॉम. २०२२, टॉवेल कारखान्यात ऑर्डर प्लॅनिंग. औषध कंपनीतल्या डिमांड प्लॅनिंगबद्दल दोन प्रश्न विचारायचे आहेत. मेसेज पाठवू का?

हे २०० च्या आत बसतं. विनंती स्वीकारली गेली की मग वरचा पूर्ण मेसेज.

आणि भाषा? ती व्यक्ती स्वतः ज्या भाषेत पोस्ट लिहिते, त्या भाषेत. आपलं सोलापूर मराठी, कन्नड, तेलुगू असं तिन्ही बोलणारं शहर आहे, त्यामुळे आडनावावरून भाषा ठरवू नका. इंग्रजीत लिहायचं तर हाच सांगाडा ठेवा. तिथे ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ची गरज नाही. मराठीत ‘सर’ किंवा ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ पुरेसं आहे. ‘आपण’ आणि ‘आदरणीय’ आलं की मेसेज अर्जासारखा वाटायला लागतो.

उत्तरावरून चूक ओळखा

मेसेज गेला. आता जे उत्तर येतं, त्यातून तुमच्या मेसेजमध्ये काय कमी होतं ते कळतं. हे नीट ऐका, कारण पुढचा मेसेज त्यावरून सुधारता येतो.

‘सीव्ही पाठव, एचआरला देतो’ असं उत्तर आलं, तर त्यांनी तुमचा मेसेज नोकरीची मागणी म्हणून वाचला. बऱ्याचदा कारण एकच असतं: संधी, स्कोप, ओपनिंग असा एखादा शब्द आत राहून गेला. सीव्ही पाठवायला हरकत नाही, पण सोबत एक ओळ लिहा: ‘सर, पाठवते. पण त्याआधी हे काम मला जमेल का हे समजून घ्यायचं आहे, १० मिनिटं चालतील का?’

‘काय विचारायचंय?’ असं आलं तर प्रश्न पुसट होता. आता लांबण लावू नका, एकच नेमका प्रश्न लिहून पाठवा. कधीकधी ते तिथेच चार ओळींत उत्तर देतात. तेही चालेल, तुमचं काम झालं.

‘बोलू कधीतरी’ असं आलं तर वेळ दिलेली नव्हती, किंवा दिलेली जमली नाही. लगेच दोन नवे पर्याय द्या.

आणि काहीच आलं नाही तर? सात-आठ दिवस थांबायचं. मग एकदाच आठवण:

> सर, मागच्या आठवड्यातल्या मेसेजची आठवण करून देते. सध्या गडबड असेल तर काही हरकत नाही, मी पुन्हा विचारणार नाही.

आणि खरंच पुन्हा विचारायचं नाही. दोन निळ्या टिका दिसल्या म्हणून तिसरा मेसेज, मग ‘सर?’, मग प्रश्नचिन्ह, हे करू नका. हे एकाच माणसावर अवलंबून ठेवायचं नसतं. त्याच क्षेत्रातले चार-पाच जण शोधून ठेवा आणि एकेकाला त्याच्यासाठी लिहिलेला मेसेज पाठवा. एकाच कंपनीतल्या तिघांना एकाच दिवशी तोच मजकूर पाठवला, तर ते जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना दाखवतात. मग तिघांकडूनही उत्तर येत नाही.

ती पंधरा मिनिटं

समजा, उत्तर आलं: ‘गुरुवार, ७.३०’. लगेच उलट एक ओळ: ‘गुरुवारी ७.३० ला मी फोन करते, सर. धन्यवाद.’ फोन तुम्ही करायचा, त्यांनी नाही. ७.३० म्हणजे ७.३०. कारखान्यात मागांचा खडखडाट चालू असेल तर बाहेर शांत जागा आधीच बघून ठेवा.

तीन प्रश्न पुरतात. आपल्या उदाहरणातल्या मुलीचे असे असू शकतील. एक, महिन्यातला सगळ्यात कठीण दिवस कोणता आणि त्या दिवशी काय चालतं? दोन, अंदाज चुकला की आधी कुणाला कळतं आणि मग तुम्ही काय करता? तीन, बी.कॉम. आणि टॉवेलमधलं ऑर्डर प्लॅनिंग एवढ्या शिदोरीवर कुणी तुमच्या टीममध्ये आलं, तर पहिल्या तीन महिन्यांत त्याला काय जड जाईल?

तिन्ही प्रश्नांत एक गोष्ट सारखी आहे. यांची उत्तरं जाहिरातीत किंवा कंपनीच्या वेबसाइटवर नसतात. ‘काम कसं आहे?’ विचारलं तर ‘छान आहे, शिकायला मिळतं’ एवढंच ऐकू येतं. ‘कठीण दिवस कोणता?’ विचारलं की गोष्ट ऐकू येते. तिसऱ्या प्रश्नात तर तिला तिच्या निर्णयासाठी हवं तेच मिळतं. समजा, ते म्हणाले, ‘एक्सेल आणि आकड्यांचं गणित शिकता येतं, पण सेल्सवाले रोज फोनवर भांडतात, ते सोसलं पाहिजे.’ आता तिला ठरवायला काहीतरी ठोस मिळालं. कदाचित ती क्षेत्र बदलणार नाही असंच ठरवेल. तेही या फोनचं चांगलंच फळ आहे.

पगार विचारायचा का? त्यांचा पगार विचारायचा नाही. ‘या कामात सुरुवातीला साधारण किती मिळतं?’ हा प्रश्न मात्र चालतो, तोही शेवटी, आणि बोलणं मोकळं झालं असेल तरच.

चौदाव्या मिनिटाला तुम्हीच म्हणायचं, ‘सर, पंधरा मिनिटं होत आली, तुम्हाला थांबवते.’ ते म्हणाले ‘अगं बोल की,’ तर बोला. नाही म्हणाले तर तिथेच थांबा. थांबण्याआधी एक प्रश्न: ‘या कामाची दुसरी बाजू बघणारं कुणी आहे का, ज्यांच्याशी मी बोलायला हवं?’ नाव सुचवलं तर विचारा, ‘तुमचं नाव सांगून मेसेज केला तर चालेल ना?’ न विचारता कुणाचं नाव वापरणं म्हणजे पुन्हा वशिल्याच्याच वाटेला जाणं.

दुसऱ्या दिवशी आभाराचा मेसेज. ‘तुमचे अमूल्य मार्गदर्शन’ नको. त्यांनी सांगितलेल्यातली एक गोष्ट आणि त्यावर तुम्ही काय करणार, एवढंच: ‘सेल्सशी रोजचं बोलणं हा भाग मला माहीत नव्हता. आमच्याच कारखान्यात मर्चंडायझिंगच्या टीमसोबत महिनाभर बसून बघते.’ आणि महिन्याने खरंच बसून झालं की दोन ओळी परत: बसले, असं असं झालं. या दुसऱ्या मेसेजमध्ये काहीच मागायचं नाही. पुढे कधी खरंच काही विचारायची वेळ आली, तर आता तुम्ही अनोळखी नसता.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. एका माणसाने जे सांगितलं ते एका कंपनीचं, एका टीमचं आणि त्याच्या स्वभावाचं असतं. ज्याला कालच प्रमोशन मिळालंय आणि जो पुढच्या महिन्यात नोकरी सोडणार आहे, ते दोघं एकाच कामाची वेगवेगळी वर्णनं करतील. म्हणून क्षेत्र बदलण्यासारखा निर्णय एका फोनवर घेऊ नका. वेगवेगळ्या कंपन्यांतल्या तिघांशी बोला. तिघांनीही जे सांगितलं, ते कामाचं खरं रूप. एकानेच सांगितलं, ते बहुधा त्याच्या ऑफिसचं.

तर हा होता आजचा भाग. वरचा नमुना जसाच्या तसा कॉपी करू नका, कारण हा ब्लॉग तुमचे सीनिअरही वाचत असतील. सांगाडा घ्या: मी कोण, तुम्हीच का, एक नेमका प्रश्न, पंधरा मिनिटं, दोन वेळा आणि ‘नाही’ म्हणायची सोय. पाठवण्याआधी एकदा मोबाइलवर स्वतःला पाठवून बघा. सिग्नलला थांबलेला माणूस तो वाचून एका शब्दात उत्तर देऊ शकेल का? देऊ शकत असेल, तर पाठवा.

भेटूया पुढच्या भागात.